दिगू ‘मी’ म्हणत नाही

बालवाडीच्या भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता मी पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विकत घेतला. दुकानदारानं विचारलं, ‘नातवाला का?’ मी हो म्हटलं. मला नातू नाही. मला एक मोजा आहे, त्याचं नाव दिगू.

घरी आल्यावर तक्ता आरशाशेजारी चिकटवला आणि लाल पेन्सिलीनं पाचवी ओळ खोडली. प फ ब भ म. आपल्या वर्णमालेची रचना तोंडाच्या भूगोलानुसार आहे, हे शाळेत कुणी सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. क कंठातून निघतो, च टाळूशी, ट त्याच्या पुढे, त दातांशी आणि प ओठांवर. बाहुलीला बोलतं करायचं आणि आपले ओठ हलू द्यायचे नाहीत, तर पहिल्या चार ओळी आपल्या. तोंड करंगळीच्या नखाएवढं उघडं, दात जेमतेम टेकलेले, सगळी धावपळ जिभेची. पाचव्या ओळीत मात्र ओठाला ओठ लागल्याशिवाय अक्षर होत नाही. ‘व’ तसा सांभाळून घेता येतो, ओठ सैल ठेवून उ आणि अ यांच्या मधून तो निसटून जातो. प-वर्ग निसटत नाही.

या कलेला मराठीत शब्दभ्रम हा फार चांगला शब्द आहे. आवाज फेकता येत नाही, भ्रमच होतो: कान आवाज ऐकतो आणि डोळे हलणारं तोंड शोधतात. य. के. पाध्यांनी शंभरएक वर्षांपूर्वी अर्धवटरावांना बोलतं केलं, रामदास पाध्यांनी त्यांना घराघरांत नेलं, आणि 1993च्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूमुळे आमच्या इमारतीतली निम्मी मुलं पलंगाखाली बघूनच झोपायची. अर्धवटराव, तात्या विंचू ही दोन्ही नावं उच्चारून बघा, पाचव्या ओळीतलं एकही अक्षर नाही. योगायोग असेल. पण माझ्या मोज्याचं बारसं करताना मला तो उपयोगी पडला. मनातलं नाव दिगंबर होतं. ‘गं’नंतर ओठ मिटतात आणि ‘ब’वर फुटतात, एकाच नावात दोन अपघात. म्हणून दिगू.

जुने लोक यावर एक तोडगा सांगतात. ओठांच्या अक्षराऐवजी दातांजवळचं अक्षर हळूच म्हणायचं: प ला त, ब ला द, म ला न. मनात मात्र खरं अक्षर ठेवायचं. वाक्याच्या पोटात असलं तर ऐकणाऱ्याचा कान ते दुरुस्त करून घेतो. मीही तसं करून पाहिलं. पण मराठीत यानं नातीच बदलतात. बाबा म्हणायला गेलं की दादा होतो, मामाचा नाना होतो. आजोबांचं तर काय होतं ते सांगायला नको. आई, आजी, ताई, काका, काकू सुरक्षित. मावशी गेली. पुढ्यात पाच वर्षांचं पोर आणि मागे त्याचा खराखुरा मामा फुगे फुगवत बसलेला असताना हे चालत नाही.

आणि मग एका रात्री आरशासमोर लक्षात आलं की दिगूला ‘मी’ म्हणता येत नाही. माझं, मला, आम्ही, काहीच नाही. तू, तुझं, तुला मात्र खणखणीत येतं.

मी तास दीड तास तशीच बसले होते, हातात मोजा. त्यानंतर दिगूची सगळी वाक्यं नव्यानं लिहिली. तो स्वतःला दिगूच म्हणतो. ‘दिगू नाही येणार.’ ‘दिगूला लाडू आहे का?’ त्या एका अडचणीतून त्याचा स्वभाव बाहेर आला. मी तो ठरवला नव्हता. तीन वर्षांची मुलं स्वतःबद्दल असंच बोलतात, म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलांना दिगू आपल्यापेक्षा लहान वाटतो. आपल्यापेक्षा लहान कुणी असलं की या वयाची मुलं फार उदार होतात.

दिगूचा देह साधा आहे. राखाडी पायमोजा, आत दुमडलेला पुठ्ठा, त्यावर तोंडासाठी लाल कापड. ते किंग्ज सर्कलच्या गांधी मार्केटातून चिंधीच्या भावात आणलं, पावसाळ्याआधी, कारण तिथे पहिल्या मोठ्या पावसात दुकानांच्या पायऱ्यांना पाणी लागतं. डोळे शर्टाच्या बटणांचे. पहिल्यांदा ती लांब लांब शिवली तर दिगू बेशुद्ध पडल्यासारखा दिसायला लागला. जवळ आणली, काळे ठिपके किंचित नाकाकडे वळवले, तेव्हा तो माझ्याकडे बघायला लागला. डोळे सुधारले, पण तोंडाचं गणित अजून चुकत होतं. नवशिके शब्दागणिक बाहुलीचं तोंड मिटतात, त्यामुळे ती शब्द चावून खाते आहे असं वाटतं. तोंड स्वराला उघडायचं, आणि तेही अंगठा खाली नेऊन. वरची चार बोटं उचलली तर डोळे छताकडे जातात. ‘दिगू’ला दोनदा उघडतं, ‘घर’ला एकदाच, कारण शेवटचा र आपण पूर्ण म्हणतच नाही. ‘वाढदिवस’ला तीनदा. सरावाला जागा शीव स्टेशन. इथे जलद गाड्या थांबत नाहीत, धाडधाड निघून जातात, आणि त्या आवाजात बाई ओठ न हलवता पिशवीशी काही बोलते आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

खेळ वीस मिनिटांचा ठरवला. चार ते सात वर्षांच्या मुलांची सतरंजीवरची बैठक त्यापलीकडे टिकत नाही. सुरुवातीला दिगू पिशवीतून बाहेरच येत नाही, नुसता आवाज. ही चारेक मिनिटं मला सर्वांत प्रिय आहेत, कारण बाहुली दिसण्याआधीच मुलं तिची बाजू घेतात. मग तो अर्धा बाहेर येतो, पण मुलांकडे न बघता माझ्याकडे बघतो. हे मुद्दाम. थेट अंगावर आलेल्या बाहुलीला बघून पुढच्या रांगेतलं एखादं पोर हमखास रडतं आणि एक रडलं की लागण होते. मधे रुमालाची एक छोटी जादू, ती दिगू बिघडवतो. शेवटी वाढदिवसाचं मूल पुढे येतं.

इथे पुन्हा पाचवी ओळ आडवी आली. ‘हॅपी बर्थडे’मध्ये प आहे, ब आहे. वाढदिवसाच्या खेळात बाहुलीला नेमकं तेवढंच म्हणता येऊ नये! खूप दिवस मी ते लपवायच्या मागे होते. शेवटी उघडंच ठेवलं. दिगू ‘हॅ… हॅ…’ करतो, अडतो, माझ्याकडे बघतो. म्हणतो, ‘दिगूला ते येत नाही. तू सांग.’ मग सगळी खोली त्याला ते शिकवते, घसा फोडून, आणि तो म्हणतो, ‘जरा हळू. कान दुखले.’ त्याच्या त्या वाक्यांत एकही ओठाचं अक्षर नाही.

पहिले तीन खेळ फुकट केले. पहिला आमच्याच इमारतीत, नऊ नंबरच्या मुलीचा सहावा वाढदिवस. पाचव्या मिनिटाला दात पडलेला एक मुलगा उभा राहिला. ‘तुमचे ओठ हलतायत.’ हलत होतेच. माझं डोकं रिकामं झालं, आणि हाताला सवय असल्यानं दिगू त्याच्याकडे वळला. ‘हो, तिचे हलतात. तिला सांगितलं. ऐकत नाही.’ मग जरा थांबून, ‘तुझे दात कुठे गेले?’ ती वाक्यं मी अजून जशीच्या तशी ठेवली आहेत. कुणी ओठांबद्दल बोललं नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

दुसरा खेळ गणपतीच्या मंडपात केला आणि तो पडला. वीतभर मोजा चौथ्या रांगेपलीकडे दिसत नाही, आणि माईकवरून आवाज कर्ण्यातून येतो, बाहुलीतून येत नाही. भ्रम संपला. शब्द तेवढे उरले. तिसरा एका ओळखीच्या घरी, केक कापल्यानंतर. मुलांच्या हातात बशा, वेफर्स, दारात चपला शोधणाऱ्या आया. त्यानंतर ठरवलं, खेळ केकच्या आधी, पाठीमागे भिंत, टीव्ही बंद, पहिली रांग चार फुटांवर. सतरंजीची कड कुठे येईल ते मी स्वतः जाऊन ठरवते. दोन फुटांवरून माझा गळा हलताना दिसतो.

पहिलं पैशाचं बुकिंग दीड हजाराचं. ते माझ्या तीनही खेळांना न आलेल्या एका बाईंचं होतं. नऊ नंबरच्या मुलीच्या वर्गातल्या कुणाची तरी आई, शाळेच्या फाटकाशी उभं राहून ऐकलेलं. तेव्हा हिशोब कळला: सतरंजीवर बसलेली पंधरा मुलं म्हणजे पुढच्या बारा महिन्यांतले पंधरा वाढदिवस. मी छापून घेतलेली शंभर कार्डं अजून कपाटात आहेत.

निम्मे पैसे आधी घेते. पण त्याआधी एक प्रश्न: बाळ किती वर्षांचं होणार? तो न विचारल्याची शिक्षा दुसऱ्याच बुकिंगला मिळाली. हॉल मोठा, दीडशे पाहुणे, उत्सवमूर्ती एक वर्षाची. तिला दिगू दिसताच ती अशी किंचाळली की आजीनं तिला उचलून थेट लिफ्ट गाठली. मुलं म्हणावी अशी चार, त्यांतली दोन दहावीची. मी वीस मिनिटं प्रौढ माणसांच्या पाठींना खेळ दाखवला. पैसे पूर्ण मिळाले. घरी येताना स्टेशनवर दिगूशी एक अक्षर बोलले नाही.

गेल्या महिन्यात शीव पश्चिमेला एक खेळ केला, चार वर्षांची मुलगी, बारा मुलं, छान भिंत. ती पूर्ण वेळ एक शब्द बोलली नाही, नुसती दिगूच्या बटणांकडे बघत राहिली. मला वाटलं, आवडलेला दिसत नाही.

दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. आवाज जरा वैतागलेला.

‘ताई, परवापासून ही ‘मी’ म्हणायला तयार नाही हो. सारखं आपलं चिऊला दूध नको, चिऊ शाळेत नाही जाणार. तिच्या शाळेच्या बाईंनी विचारलं, घरी काही झालंय का.’

मी माफी मागितली. हसू आवरत नव्हतं, आणि ओठ मिटून हसायची मला आता चांगलीच सवय आहे.

‘तसं नाही हो,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या जावेच्या मुलाचं विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात, पाच तारखेला. जमेल का?’

‘किती वर्षांचा होणार?’ मी विचारलं.