न ओरडणारा भागाकार

आमच्या लॅबमध्ये सगळे जिला नुसतं ‘ती स्क्रिप्ट’ म्हणतात, ती २०१० च्या आसपास इथे पीएचडी करणाऱ्या एका मुलाने लिहिली. जेमतेम दीडशे ओळी, पायथन दोनमधल्या. काम साधं. ९६ वेलची प्लेट म्हणजे ९६ इवल्याशा वाट्या असलेली प्लास्टिकची ताटली. त्या वाट्यांमधल्या पेशींचा मंद उजेड एक यंत्र मोजतं आणि आकडे फाइलमध्ये लिहितं. स्क्रिप्ट तीन-तीन वाट्यांची सरासरी काढते, रिकाम्या वाट्यांचा उजेड वजा करते आणि औषध दिल्यावर किती टक्के पेशी उरल्या ते सांगते.

पायथन दोनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तरी कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ही बाई सुखाने चालत होती. यंदा तो संगणक नेटवर्कवरून काढायचं ठरलं आणि स्क्रिप्ट माझ्या गळ्यात आली. त्याच वेळी आमच्या एका पेपरसाठी जुन्या आणि नव्या प्लेट्स एकाच आलेखात दाखवायच्या होत्या. प्राध्यापक बाईंची एकच अट होती: जुने आकडे बदलले, तर का बदलले ते मला सांगता आलं पाहिजे.

`print` चं सगळ्यांना ठाऊक असतं. पूर्वी तो आदेश होता, आता फंक्शन आहे, म्हणून कंस हवेत. नसले तर पायथन तीन पहिल्या फटक्यात चूक दाखवून थांबतो. पण दोन जागा या तपासणीतून निसटतात. एक म्हणजे `print >>sys.stderr, "..."`. हे व्याकरणात बसतं, त्यामुळे ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हाच फुटतं, आणि ती तर बहुतेक वेळा फाइल खराब असेल तेव्हाच चालते. दुसरी म्हणजे ओळीवर एकटा `print`. पायथन दोन त्यावर कोरी ओळ छापायचा, तीन काहीच करत नाही आणि तक्रारही करत नाही. आमच्याकडे दोन प्लेट्सच्या मधली कोरी ओळ अशी गायब झाली. ग्नूप्लॉट कोऱ्या ओळीवर रेघ तोडतो, त्यामुळे एका प्लेटची रेघ थेट दुसरीला जाऊन चिकटली. हे निदान डोळ्यांना दिसलं.

मग आली फाइल वाचण्याची पाळी. स्क्रिप्टमध्ये ती `'rb'` असं लिहून उघडलेली होती आणि वाट्यांच्या ओळी अशा ओळखल्या होत्या:

```
if line[0] == 'W':
```

पायथन तीनमध्ये `'rb'` ने उघडलेली ओळ म्हणजे अक्षरं नव्हेत, बाइट्स. त्यातला पहिला घटक मागितला की `'W'` मिळत नाही, ८७ हा आकडा मिळतो. ८७ आणि `'W'` कधीच समान नसतात, म्हणून स्क्रिप्टने एकही वाटी घेतली नाही, नुसतं शीर्षक छापलं आणि ‘झालं’ म्हणून गुपचूप बाहेर पडली. बाइट्स आणि मजकूर यांची तुलना पकडायला `python3 -bb` हा चांगला पहारेकरी आहे, पण इथे तुलना आकड्याची आणि मजकुराची होती, त्यामुळे तोही झोपलेलाच राहिला.

उपाय म्हणजे फाइल मजकूर म्हणूनच उघडायची. तसं केलं तर हे आलं:

```
UnicodeDecodeError: 'utf-8' codec can't decode
byte 0xb5 in position 61: invalid start byte
```

६१ व्या जागी शीर्षकातल्या `50 µL` मधला ‘µ’ होता. यंत्राच्या विंडोजवाल्या प्रोग्रॅमने तो `cp1252` पद्धतीने एका बाइटमध्ये लिहिला होता. `encoding='cp1252'` दिल्यावर गाडी पुढे गेली. इथे `errors='ignore'` लिहून मोकळं होणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. न समजलेलं अक्षर गिळण्यापेक्षा तो बाइट कोणता आणि त्या जागी काय असायला हवं होतं, हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

आपल्याला खरं तर हा फरक लवकर कळायला हवा. `len('मराठी')` विचारलं तर पायथन दोन १५ सांगायचा, कारण `utf-8` मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं. पायथन तीन ५ सांगतो: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण मात्र तीन अक्षरं मोजतो, ते त्याला अजूनही जमत नाही.

एवढं झाल्यावर स्क्रिप्ट चालली आणि अगदी पटण्याजोगे आकडे आले. गोची तिथेच होती. पायथन दोनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने `/` ने भागलं की अपूर्णांक गळून जायचा. तीनमध्ये तो राहतो. स्क्रिप्टमध्ये असे दोन भागाकार होते:

```
cell = rows[i / 12]
avg = sum(v) / len(v)
```

पहिल्यात वाटी कितव्या रांगेतली ते काढायचं आहे, तिथे पूर्णांकच हवा. यादीला अपूर्णांक दिला की पायथन तीन लगेच ओरडतो, म्हणून तो `//` करून टाकला. दुसरा ओरडत नाही. लिहिणाऱ्याने शेवटच्या टक्केवारीत `float()` घातलं होतं, पण तोवर सरासरी कापली गेलेली असायची.

एक खरं उदाहरण घ्या. औषध नसलेल्या तीन वाट्या ७, ९, १०. औषधाच्या ३, ४, ४. रिकाम्या २, ३, २. जुन्या हिशेबात सरासऱ्या ८, ३ आणि २. वजाबाकी करून ६ आणि १ उरतात, म्हणजे १६.७ टक्के पेशी जिवंत. नव्यात सरासऱ्या ८.६७, ३.६७, २.३३, उरतात ६.३३ आणि १.३३, म्हणजे २१.१ टक्के. उजेड हजारांत असेल तर हा फरक दिसतसुद्धा नाही. तो फक्त अंधुक वाट्यांत दिसतो, आणि आम्हाला नेमक्या जास्त डोसच्या, म्हणजे अंधुक वाट्याच महत्त्वाच्या होत्या.

म्हणून मी काम दोन टप्प्यांत केलं. जुन्या पायथनचा एक कंटेनर ठेवला आणि त्यात स्क्रिप्ट `python2 -Qwarn` ने चालवली. पूर्णांकांचा भागाकार प्रत्यक्ष जिथे होतो, ती ओळ हा पर्याय सांगतो. फक्त त्याच ओळींत `/` चं `//` केलं. सरसकट बदलणं धोक्याचं, कारण `//` दशांशाचाही अपूर्णांक कापतं आणि टक्केवारीची ओळ बिघडते. मग सगळ्या जुन्या प्लेट्स दोन्हीकडे चालवून `diff` घेतला. तो रिकामा आल्यावरच तशी प्रत जपून ठेवली आणि दुसऱ्या टप्प्यात सरासरीच्या ओळीत परत `/` आणलं. आता जो फरक येईल तो त्या एकाच खुणेचा, दुसऱ्या कशाचा नाही.

फरक प्लेटच्या शेवटच्या दोन डोसमध्येच आला. बाईंनी आकडे बघितले, म्हणाल्या, “त्याला विचार. कापणं मुद्दाम असेल तर?” तो मुलगा आता एका कंपनीत आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मुद्दाम काही नव्हतं, तेव्हाच्या पेशी इतक्या उजळ असायच्या की शंभराच्या खालचा आकडा त्याने कधी पाहिलाच नव्हता. आलेख आम्ही नव्या आकड्यांनी काढला आणि त्याच्याखाली पुनर्गणनेची ओळ लिहिली. पुरवणीत दोन्ही टप्प्यांच्या स्क्रिप्ट्स जोडल्या आहेत.