दुसरा क कुठे गेला?

अक्कल हा शब्द उच्चारताना जीभ क वर घटकाभर रेंगाळते. पण तारे तोडायची वेळ आली की ते ‘अकलेचे’ तारे होतात आणि दुसरा क गळून पडतो. नक्कल एक, पण नकला दोन. चक्कर येते, पण सरकारी कचेरीत माराव्या लागतात त्या चकरा. बँकेत रक्कम भरली तरी व्याज मिळतं ते रकमेवर. पावसाळ्यात घाटकोपरच्या डोंगरउतारावर निळं प्लास्टिक पसरतात ते छपरावर, छप्परावर नाही. आणि देवळाबाहेर चप्पल काढली की परतताना नजर शोधते आपल्या चपला. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी चार वर्षांचं पोरसुद्धा चुकत नाही.

माझी भाची मुलुंडमध्ये वाढली आणि आता फिनलंडमध्ये एस्पोला असते. फिनिश शिकायला लागली तेव्हा तिने फोनवर तक्रार केली, ‘मावशी, इथे शब्द कोशात सापडतच नाहीत. पाटीवर एक दिसतं आणि कोशात भलतंच असतं.’ रस्त्याला फिनिशमध्ये ‘कातु’ म्हणतात, पण ‘रस्त्यावर’ म्हणायचं झालं की ते होतं ‘कादुल्ला’. फूल म्हणजे ‘कुक्का’, फुलाचा म्हणजे ‘कुकान’. दुकान ‘काउप्पा’, दुकानात ‘काउपास्सा’. शहरांनाही यातून सुटका नाही. हेल्सिंकीत राहायचं तर क चा ङ होतो, ‘हेल्सिंङिस्सा’. तुर्कु शहरात राहायचं तर क पार नाहीसा होतो, ‘तुरुस्सा’. विभक्ती पंधरा, आणि त्यातल्या बऱ्याच जणी मूळ शब्दाचं व्यंजन हलवून सोडतात.

मला हे ऐकून परकं वाटलं नाही. कुक्का–कुकान, रक्कम–रकमेला. दोन्हीकडे जोडाक्षरातला एक क जातो. तरीही कारण एकच असेल असं मानायचं नाही, हे मात्र थोडं खोलात गेल्यावर कळतं.

फिनिशमधलं कारण अवयवांच्या बांधणीत आहे. ‘कुक्का’चे दोन अवयव, ‘कुक’ आणि ‘का’. शेवटचा ‘का’ स्वरावर संपतो, म्हणजे तो उघडा आहे. त्याला न चा प्रत्यय लागला की तो बंद होतो, ‘कान’. अवयव बंद झाला की त्याच्या सुरुवातीचं व्यंजन सैल पडतं. दुहेरी असेल तर एकेरी होतं, त असेल तर द होतो, क असेल तर कधी कधी उरतच नाही. फिनिश व्याकरण या दोन रूपांना सबळ आणि दुर्बळ श्रेणी म्हणतं.

मराठीत अवयव बंद होण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे गोष्ट घडते ती अ मुळे. ‘रक्कम’मध्ये क्क आणि म यांच्या मध्ये एक छोटा अ आहे, तोच दोघांना वेगळं ठेवतो. ‘रकमेला’ म्हणताना पुढे ए येतो आणि मधला अ गळतो, ऐकू येतं ‘रक्-मेला’. आता क्क आणि म थेट एकमेकांना भिडले असते. तिघांना तोंडात एकदम जागा नाही, म्हणून एक क काढता पाय घेतो. गंमत, किंमत, हिंमत यांच्यातही हेच होतं. तिथे अनुस्वार हा खरं तर दुसरा म आहे, म्हणून गमतीने, किमतीत, हिमतीवर.

हे कारण खरं की नाही, ते धक्का या शब्दावरून तपासता येतं. ‘धक्का’च्या शेवटी आ आहे, मध्ये गळण्याजोगा अ नाही. म्हणून भाऊच्या धक्क्यावर दोन्ही क शाबूत राहतात. फिनिशमध्ये ‘कुक्का’चाही शेवट आ वरच आहे, तरी तिथला क जातो. दोन भाषांची वाट इथे फुटते. आपला नियम सरसकट नाही हेही सांगायला हवं. क, प आणि म यांच्या बाबतीत तो चोख चालतो, पण इज्जतीला आणि लज्जतीला तो हात लावत नाही.

मात्र एका जागी दोन्ही भाषा फार जवळ येतात आणि तीच मला सगळ्यात मोहाची वाटते. फिनिशमध्ये ‘हेल्सिंकीला’ म्हणजे ‘हेल्सिंकीन’. शेवटचा अवयव न वर बंद झालेला आहे, मग क चा ङ का झाला नाही? कारण पूर्वी हा प्रत्यय ‘हिन’ होता, ‘हेल्सिंकीहिन’. तेव्हा ‘की’ उघडा होता, म्हणून क सबळ होता. पुढे ह विरला, पण क त्या ह च्या आठवणीने तसाच राहिला. कालेवाला या महाकाव्याच्या 1849च्या आवृत्तीत तो ह असलेली जुनी रूपं जागोजागी भेटतात.

आता अंधेरीहून वेसाव्याला जा. तिथे कोळणीकडे ‘मासे’ मिळतात, आणि घरी येऊन आपण ‘माशाचं’ कालवण करतो. स चा श कुठून आला? आकारान्त पुल्लिंगी शब्दाला सामान्यरूपात ‘या’ लागतो. रस्ता–रस्त्याला, डोळा–डोळ्यात, कुर्ला–कुर्ल्याला. तसं मासा–‘मास्याला’ व्हायला हवं होतं. पण य ने स ला टाळूकडे ओढलं, त्याचा श केला, आणि स्वतः निघून गेला. पैसा–पैशाने, घसा–घशात, ससा–सशाला, सगळीकडे श मागे राहिला आहे आणि त्याला घडवणारा य दिसत नाही. प्रत्यय न लागलेल्या अनेकवचनात य नव्हताच, म्हणून ‘मासे’ आणि ‘पैसे’ साध्या स चे राहिले.

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर गेल्या वर्षी ‘थकीत रक्कमेवर व्याज आकारले जाईल’ असं लागलं होतं. ‘किंमतीत’ तर वर्तमानपत्रांत रोज दिसतं. लिहिणाऱ्याला मूळ शब्द डोळ्यांनी आठवतो, कानांनी नाही, म्हणून हे होतं. ओळखायची खूण सोपी आहे. वाक्य घाईघाईने मोठ्याने म्हणून बघा. बोलताना जिभेने जो क सोडलेला असतो, तोच हाताने लिहिलेला असतो. संगणकाला ही सोय नाही. फाइलमध्ये ‘रक्कम’ शोधलं तर ‘रकमेला’ सापडत नाही, जसं तिकडे ‘तुर्कु’ शोधून ‘तुरुस्सा’ हाती लागत नाही.

नवे शब्द आले की कुठला नियम जिवंत आहे ते उघड होतं. रॉक संगीताचं फिनिशमध्ये ‘रोक्की’ झालं आणि लगेच ‘रोकिन’ही झालं. दुहेरी व्यंजन अजून सैल पडतं. पण मोटारीचा ‘आउतो’ प्रत्यय लागूनही आपला त सोडत नाही, आणि मिका नावाच्या माणसाचा क कुणी काढून घेत नाही. आपल्याकडे ‘या’ तसाच ठणठणीत आहे. कॅमेऱ्यात, सोफ्यावर, पिझ्झ्यावर. बोरिवली, अंधेरी ईकारान्त म्हणून जशाच्या तशा राहतात, पण ठाणे, वांद्रे, पार्ले यांना लोकलच्या दारात उभा असलेला प्रत्येक जण ठाण्याला, वांद्र्याला, पार्ल्याला असंच म्हणतो. नियम हटतोय तो आडनावांत. आमच्या मजल्यावरच्या आजी ‘मोऱ्यांकडे जाऊन येते’ म्हणतात आणि त्यांची नात ‘मोरेंकडे’. नातीला वाटतं, माणसाच्या नावाला हात लावू नये. मी आजींच्या बाजूची आहे. हक्काने आत घेतलेल्या शब्दालाच आपण वळवतो, आणि मोरे तर इथले मूळचे.