सासूबाईंची कॅप्सूल

राजपुऱ्यात आईंना धाप लागू लागली तेव्हा आम्ही पर्युषणातल्या उपासांना दोष दिला. हिमोग्लोबिन ७.२, लाल पेशी आकाराने मोठ्या. शाकाहारी घर, म्हणजे बी-१२ कमी, असं धरून दोन महिने इंजेक्शनं झाली. तीच उणीव असती तर काही आठवड्यांत रक्त वाढलं असतं. ते वाढलं नाही.

इंदूरला अस्थिमज्जा तपासली. पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला, बाकी गुणसूत्रं ठीक. डॉक्टरांनी कागदावर बेरीज मांडली: गुणसूत्राचा १, हिमोग्लोबिन ८च्या खाली म्हणून १.५, अपक्व पेशी २ टक्क्यांच्या आत, पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट पुरेशा, त्यांचे शून्य. एकूण २.५, कमी धोका. "ॲझासायटिडीन जास्त धोक्याला लागतं. यांना आत्ता रक्त देऊ, मग लेनालिडोमाइड. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी. पहिले दोन महिने दर आठवड्याला रक्त तपासा, पांढऱ्या पेशी नि प्लेटलेट घसरतात."

गोळी म्हणजे जिलेटिनची कॅप्सूल निघाली! उघडून घेऊ का विचारलं, तर पूड हातालाही लागू द्यायची नाही. आईंनी तीन दिवस डबी कपाटात ठेवली. चौथ्या दिवशी सूर्यास्ताआधी पाण्याबरोबर गिळली नि म्हणाल्या, "महाराजसाहेबांना मी सांगेन. तू नको सांगूस."