ससा पाहिला कोणी?

टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडे, नगर-कल्याण रस्त्याला लागून तात्यांचं शेत आहे. त्या वर्षी त्यांनी अर्ध्या एकरात कोबी लावला होता. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही दोघांनी श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' पाहिला. मी तो आधी दोनदा पाहिला होता, तात्या पहिल्यांदाच पाहत होते. सुरुवातीलाच पडद्यावर कोबीचं शेत आलं आणि ते पुढे सरकून बसले. एका डोळ्याने अधू असलेला ससा, त्याच्यामागे बंदूक घेतलेला शेतकरी. गोळीचा आवाज येतो, पडदा काळा होतो आणि गाडी आदळल्याचा आवाज ऐकू येतो. मग पियानो वाजवणारा आकाश दिसतो आणि ससा विसरला जातो.

तात्या मात्र विसरले नाहीत. शेवटी तो ससा पुन्हा आला, तेव्हा ते म्हणाले, "हे कोण सांगतंय? तो आंधळाच ना? मग ससा पाहिला कोणी?"

तात्या गावात पाच-सहा वेळा पंच म्हणून बसलेत. पंचनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असतो, स्वतः पाहिलंय का ऐकलंय. बेभरवशाच्या निवेदकाबद्दल मी पुस्तकांतून बरंच वाचलं होतं. पण त्याला पकडायचं कसं, हे मला त्या ओट्यावर कळलं.

शेवट असा आहे. आकाश आंधळा असल्याचं सोंग घेतो, खून पाहतो, आणि पुढे खुनात सामील असलेली सिमी त्याला खरंच आंधळं करते. मग डॉक्टर स्वामी, आकाश आणि डिकीत बांधून टाकलेली सिमी, असे तिघे गाडीतून निघतात. सिमीचं यकृत विकायचं आणि तिच्या डोळ्यांच्या पारपटलांनी आकाशला दृष्टी द्यायची, असा डॉक्टरचा बेत. इथे राघवन कापतात. दोन वर्षं उलटलेली असतात. युरोपातल्या एका शहरात त्याची जुनी मैत्रीण सोफी आकाशला गाताना ऐकते, दोघं बोलायला बसतात आणि पुढचं सगळं आकाश तिला सांगतो. सिमीने डॉक्टरला मारलं, मला गाडीतून उतरवलं, मग मला चिरडायला गाडी वळवली. शेजारच्या शेतातल्या माणसाचा सशावरचा नेम चुकला, ससा उसळून काचेवर आदळला, गाडी उलटली, सिमी मेली.

हे तो बोलतो आणि आपल्याला दिसतं. सगळी मेख या दिसण्यात आहे. सिनेमातला माणूस बोलू लागला की पडद्यावर चित्रं येतात, आणि चित्र आलं की आपण त्याला घडलेली गोष्ट मानतो. शब्दावर शंका घेण्याची आपल्याला सवय आहे, चित्रावर नाही. पण आकाशच्याच म्हणण्यानुसार तो तेव्हा आंधळा होता. त्याला ठोकर ऐकू आली असेल, काच फुटल्याचं कळलं असेल. शेतकरी, त्याचा नेम, सशाची उडी हे त्याला कुठून कळणार? नंतर कोणी सांगितलं असेल, असं म्हणता येईल. पण तसं कोणी सांगितल्याचं तो बोलत नाही. चित्राला निवेदकापेक्षा जास्त माहीत असलं, की दिग्दर्शक आपल्या कानाशी काहीतरी बोलत असतो.

दुसरी खूण आकाशच्या हातात आहे. त्याच्या पांढऱ्या काठीची मूठ सशाच्या डोक्याची आहे. गोष्टीतला ससा त्या मुठीतूनच उडी मारून आला असेल का? ब्रायन सिंगरच्या 'द यूझ्वल सस्पेक्ट्स'मध्ये (1995) कस्टम्सच्या अधिकाऱ्यासमोर बसलेला माणूस खोलीतल्या फलकावरची आणि कपाच्या बुडावरची नावं उचलून अख्खी कहाणी रचतो. तिथे अधिकाऱ्याच्या हातून कप पडतो, तो फुटतो आणि सगळं उघड होतं. राघवन काहीच फोडत नाहीत. काठीची मूठ दाखवतात आणि पुढे जातात.

तिसरी खूण सगळ्यात उघडी. आकाश निघतो, वाटेत पत्र्याचा डबा पडलेला असतो, आणि तो काठीने तो डबा नेमका उडवतो. त्याला दिसतंय. तात्या म्हणाले, "म्हणजे सगळंच खोटं." माझं तसं मत नाही. डब्याने एकच गोष्ट सिद्ध होते, आकाशने सोफीपासून स्वतःची दृष्टी लपवली. डोळे सिमीचे का आणखी कोणाचे, डॉक्टर मेला का जगला, हे तो डबा सांगत नाही. एक खोटं पकडलं म्हणून उरलेल्या कहाणीचा निकाल लागत नाही, फक्त तिच्याखालची सही बाद होते. सुरुवातीचा ससा तर आणखी पेच घालतो. तो सोफीच्या भेटीच्या कितीतरी आधी आपण पाहिलाय. तो दिग्दर्शकाने दाखवला, का आकाशच्या गोष्टीतूनच आधी सांडला? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिलाय. मला वाटतं, राघवननी तो पेच जाणूनबुजून सोडवलेला नाही.

काही जण म्हणतात, अख्खा सिनेमाच आकाशची थाप आहे. हे मला पटत नाही. सिमीचा साथीदार इन्स्पेक्टर मनोहर आणि त्याची बायको यांचे घरातले प्रसंग आठवा. तिथे आकाश नाही, आणि त्या नवरा-बायकोत काय बोलणं झालं हे त्याला कळायचं कारण नाही. ते दिग्दर्शकाने स्वतः दाखवलेलं आहे. त्यामुळे डिकीपर्यंतचं मी खरं धरतो, आणि संशय त्या कापापासून सुरू करतो.

हा काप किती प्रामाणिक आहे, हे हिचकॉकच्या 'स्टेज फ्राइट'शेजारी (1950) ठेवल्यावर कळतं. तिथेही गाडी आहे. जोनाथन शेजारी बसलेल्या ईव्हला सांगतो, की खून शार्लटने केला आणि ती रक्ताळलेल्या झग्यानिशी माझ्याकडे आली. पडद्यावर ते सगळं दिसतं. शेवटी कळतं, खुनी तोच. पण ती खोटी चित्रं खऱ्यासारखीच उजळ, तशीच स्थिर. संशय घ्यावा अशी जागा त्यांत कुठेच नाही. प्रेक्षक चिडले, आणि पुढे हिचकॉकनेच त्रुफोशी बोलताना ती आपली चूक मानली. निवेदक खोटं बोलला याचा राग येत नाही. वाटाड्यासुद्धा त्याला सामील होता, याचा येतो.

राघवन सामील होत नाहीत. आकाशचं सोंग ते आपल्याला लवकर सांगून टाकतात. तो सोफीशी कसा खोटं बोलतो, हे आपण तिच्यापेक्षा आधी पाहतो. म्हणून शेवटी तो पुन्हा त्याच सोफीसमोर बसतो, तेव्हा आपल्या मनात पाल चुकचुकायला हवी. माझ्या मनात पहिल्या खेपेला ती चुकचुकली नव्हती. मीही सोफीसारखाच ऐकत बसलो होतो, कारण मला त्याचं भलं व्हायला हवं होतं.

सिनेमा संपल्यावर तात्या बॅटरी घेऊन कोबीकडे निघाले, मी मागोमाग. पाटाच्या पलीकडे पानं सळसळली. तात्यांनी हात आडवा करून मला थांबवलं आणि कुजबुजले, "ससा."

"दिसला?"

त्यांनी बॅटरी लावली. पाटापर्यंत नुसती कोबीची पानं चमकली.

"नाय," तात्या म्हणाले. "ऐकला."