प्रवेश कधी केला?

जिल्ह्यांच्या राजकारणावरचा एक संदर्भकोश करायचं ठरलं तेव्हा माझ्या वाट्याला सिंधुदुर्ग आला. प्रत्येक नोंदीत एक रकाना होता: पक्ष, प्रवेशाची तारीख, राजीनाम्याची तारीख. संपादकांना वाटत होतं की ही सगळ्यांत सोपी कामगिरी. नारायण राणे यांच्या नोंदीला बसलो आणि तो रकाना पानभर लांबला. त्या एका नोंदीतून जे शिकलो, ते इथे मांडतो.

सुरुवात सोपी होती. शिवसेना, 1999 साली काही महिने मुख्यमंत्रिपद, मग विरोधी पक्षनेतेपद. 2005 च्या जुलैत पक्षाशी फाटलं. इथेच पहिला प्रश्न आला. बातम्या 3 जुलैला शिवसेनाप्रमुखांनी त्यांची हकालपट्टी केल्याचं सांगतात. राणे यांचे जुने कार्यकर्ते मात्र 'साहेबांनी पक्ष सोडला' असंच म्हणतात, 'काढलं' हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. कोशात 'राजीनामा' लिहायचं की 'हकालपट्टी'? मी पक्षाची कृती आणि माणसाचं म्हणणं वेगवेगळं लिहायचं ठरवलं. हकालपट्टी ही पक्षाची कृती, तिला तारीख आहे. 'मीच सोडला' हे म्हणणं, त्याला वक्ता आहे. दोन्ही एका खणात कोंबली की नोंद कुणाचा तरी पक्ष घेते.

पुढची काही वर्षं काँग्रेसची. मालवणची पोटनिवडणूक त्यांनी 2005 च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या चिन्हावर लढवली आणि मोठ्या फरकाने जिंकली. प्रवेशाच्या तारखेवर शंका असली तरी चिन्ह मिळालं त्या दिवसापर्यंत तो झालेलाच असणार, एवढं पक्कं धरता येतं. पुढे 2008 च्या डिसेंबरात विलासराव देशमुख मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले, अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले, राणे उघडपणे चिडले आणि काँग्रेसने त्यांना निलंबित केलं. काही कात्रणांवर ठळक मथळा होता, त्यावरून एखाद्याने बेधडक 'काँग्रेस सोडली, 2008' असं लिहिलं असतं. निलंबनात सदस्यत्व थांबतं, संपत नाही. दोनेक महिन्यांत निलंबन मागे घेतलं गेलं आणि ते पुन्हा मंत्रिमंडळात आले. त्यामुळे त्या रकान्यात 2008 ला जागा नाही, ते वर्ष तळटीपेत गेलं.

यापुढे जो घोळ होता त्यासाठी मी तालुक्याच्या एका पक्ष कार्यालयात गेलो. तिथे सदस्य नोंदणीच्या पावत्यांची पुस्तकं होती, गठ्ठे बांधून माळ्यावर टाकलेली. पावतीवर नाव, गाव, शुल्क, मोहिमेचं वर्ष. पण मोहीम म्हणजे काही महिन्यांची धामधूम. एकाच दिवशी शंभर पावत्या फाडल्या की त्यातली तारीख ही बहुधा पावती लिहिणाऱ्याची असते, सदस्य होणाऱ्याची नव्हे. शिवाय येणाऱ्याची पावती निघते, जाणाऱ्याची कुठे निघते? नाव खोडायला कुणी माळ्यावर चढत नाही. तिथल्या म्हाताऱ्या पदाधिकाऱ्याने माझी धडपड पाहून मला ऐकवलं, "कागदाक कित्याक इचारतास? आमका इचारा." मी विचारलं. त्यांनी ठामपणे सांगितलेलं वर्ष कागदांशी जुळलं, महिना नाही.

म्हणून वर्तमानपत्रं. 21 सप्टेंबर 2017, घटस्थापना. त्या दिवशी राणे यांनी काँग्रेस सोडल्याचं आणि विधान परिषदेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिल्याचं जाहीर केलं. अंक 22 तारखेचे, मजकुरात 'काल' किंवा 'गुरुवारी'. अंकाची तारीख उचलून लिहिणारे बरेच आहेत, त्यामुळे कुठे 21 तर कुठे 22 छापलेलं आढळतं. सणाचा उल्लेख असला की पंचांग उघडून पडताळा घेता येतो, आणि वाराचा असला की दिनदर्शिका पुरते. घटस्थापना आणि गुरुवार दोन्ही 21 ला बसत होते.

पण त्या एकाच दिवशी दोन राजीनामे आहेत, हे वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. पक्षाचा राजीनामा पक्षाच्या अध्यक्षांकडे जातो. आमदारकीचा राजीनामा सभापतींकडे जातो आणि तो स्वेच्छेने दिलेला आहे याची खात्री करून स्वीकारावा लागतो. जागा रिकामी होण्याची तारीख तिथून ठरते. या दुसऱ्याचा पुरावा भक्कम मिळतो, कारण जागा रिकामी झाली की निवडणूक आयोगाला पोटनिवडणूक लावावी लागते. राणे यांच्या रिकाम्या जागेसाठी 7 डिसेंबर 2017 ला मतदान झालं आणि भाजपचे प्रसाद लाड निवडून आले. पक्षाच्या राजीनाम्याला असा मागोवा नाही. पक्षाने तो मंजूर केला की फेटाळला, की काहीच बोलला नाही, याने फरक पडत नाही. माणूस आपण होऊन बाहेर पडला की सदस्यत्व संपलं.

कायदा तर याहून पुढे जातो. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली सांगितलं की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातलं 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं' म्हणजे लेखी राजीनामाच असं नव्हे, वर्तनावरूनही ते ठरवता येतं. तेव्हा एखाद्या लोकप्रतिनिधीने राजीनाम्याचं पत्र महिनाभराने दिलं, तरी त्याने पक्ष सोडला असं त्याआधीच्या वागणुकीवरून धरलं जाऊ शकतं. कोशात मी पत्राचीच तारीख घेतो, कारण वर्तनाचा निवाडा करणं पीठासीन अधिकाऱ्याचं काम, माझं नव्हे. पण अपात्रतेचा निकाल लागलेला असेल तर त्यातली तारीख सोबत लिहितो.

1 ऑक्टोबर 2017 ला राणे यांनी 'महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष' जाहीर केला. त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे माझ्या कामाचा सगळ्यांत रंजक आणि सगळ्यांत त्रासदायक भाग. भाजपप्रवेशाच्या बातम्या सतत येत होत्या. 'लवकरच', 'मुहूर्त ठरला', 'चर्चा अंतिम टप्प्यात'. या बातम्या वाचताना मी क्रियापदावर बोट ठेवतो. 'करणार' असलं तर ती बातमी बाजूला. 'सूत्रांनी सांगितलं' असलं तरी बाजूला. कोणाच्या उपस्थितीत, कुठे, कोणत्या रीतीने, हे तिन्ही असेल तरच ती प्रवेशाची बातमी. कणकवलीत 15 ऑक्टोबर 2019 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत स्वाभिमान पक्ष भाजपमध्ये विलीन झाला, ही बातमी त्या कसोटीला उतरते. तर झालं? प्रवेश 15 ऑक्टोबर 2019?

नाही. 2018 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या सहा जागांवर सहाही जण बिनविरोध निवडून आले, त्यात भाजपच्या तिकिटावर नारायण राणे होते. राज्यसभेसाठी पक्षाचा उमेदवार होण्यासाठी पक्षाला निवडणूक अधिकाऱ्याकडे नमुना बीबी द्यावा लागतो. त्या नमुन्यात पक्षाचा अधिकृत पदाधिकारी प्रमाणित करतो की हा उमेदवार पक्षाचा सदस्य आहे आणि सदस्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणजे कागदावर ते मार्च 2018 मध्येच भाजपचे सदस्य. दहाव्या परिशिष्टातही असं मानलं जातं की निवडून आलेला सदस्य ज्या पक्षाने उभा केला त्याच पक्षाचा. राज्यसभेच्या यादीत त्यांच्या नावापुढे भाजपच होतं. याउलट स्वाभिमान पक्षाचा उल्लेख बातम्यांतून त्यांच्या नेतृत्वासह पुढेही होत राहिला, आणि जनमानसात 'प्रवेश' 2019 चाच.

घरातला हिशेब तर आणखी मजेशीर. 2019 च्या वसंतात वडील भाजपचे राज्यसभा खासदार, थोरले चिरंजीव नीलेश लोकसभेच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून स्वाभिमान पक्षाचे उमेदवार, आणि धाकटे नितेश काँग्रेसचे आमदार. नितेश यांनीही त्या ऑक्टोबरात कणकवलीतून भाजपच्या तिकिटावर अर्ज भरला. अर्जाची मुदत 4 ऑक्टोबरला संपली होती. म्हणजे पक्षाच्या विलीनीकरणाचा सोहळा व्हायच्या आधी त्यांचा विधानसभेचा नमुना ब दाखल झालेला. वडिलांच्या सोहळ्याची तारीख मुलाच्या रकान्यात टाकणारे संदर्भ मी पाहिलेत, ते इथे चुकतात.

यावरून एक क्रम मी कायम केला. नमुना ब, बीबी किंवा उमेदवाराचं शपथपत्र असेल तर ते पहिलं. त्या शपथपत्रात 'मी अमुक पक्षाने उभा केलेला उमेदवार आहे' असं त्याच्या सहीने असतं, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती बरीच शपथपत्रं वाचायला मिळतात. ती प्रवेशाचा दिवस सांगत नाहीत, पण 'या दिवसाच्या आत' ही मर्यादा नक्की करतात. दुसरं, सभागृहाच्या सचिवालयाचे कागद: सदस्य शपथ घेण्याआधी आपलं पक्षीय नातं लेखी देतो. तिसरं, दोन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांच्या त्या दिवशीच्या बातम्या. पक्षाच्या पावत्या आणि आठवणी शेवटी. आत्मचरित्र तर त्याही मागे, कारण नेत्याला आपला प्रवेश कुठल्या दिवशी सांगायला आवडेल हे त्याच्या हातात असतं.

राज ठाकरे यांची नोंद करताना याचाच उपयोग झाला. 27 नोव्हेंबर 2005 ला त्यांनी शिवसेनेतल्या पदांचा राजीनामा दिला, 18 डिसेंबरला पक्ष सोडला, 9 मार्च 2006 ला महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली. पहिली तारीख पदाची, दुसरी पक्षाची. 'नोव्हेंबरमध्ये शिवसेना सोडली' असं छापलेलं दिसलं तर तिथे पद आणि पक्ष एक केलेत असं समजावं.

राणे यांच्या नोंदीत शेवटी भाजपच्या ओळीपुढे एक तारीख नाही, दोन आहेत: 'मार्च 2018 पासून राज्यसभेतील पक्षीय नोंद, 15 ऑक्टोबर 2019, स्वाभिमान पक्षाचे विलीनीकरण'. संपादकांनी तक्रार केली की रकाना बिघडतो. मी रकाना रुंद करायला सांगितलं, आणि त्यांनी तो केला.

या लेखाच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या वर्तमानपत्रांची राजकारणावरची कात्रणं असतील. त्यांच्यासाठी एक विनंती. कात्रण कापताना वरची पट्टी, जिथे वृत्तपत्राचं नाव, तारीख आणि आवृत्ती असते, ती बातमीबरोबर ठेवा. आवृत्ती विसरू नका, कारण मुंबईची आणि सिंधुदुर्गची आवृत्ती एकाच दिवशी वेगळं सांगतात. पट्टी आधीच गेली असेल तर कात्रणाच्या मागे पेन्सिलने आठवते ती तारीख लिहा आणि शेजारी 'आठवणीतून' असं लिहायला विसरू नका.