झाडाला फरक पडत नाही, शेजाऱ्याला पडतो

गेल्या शुक्रवारी मी एका ज्युनियरची माफी मागितली. विषय तसा क्षुल्लक, पण दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहून टाकतोय.

झालं असं की, नवीन आलेल्यांना आम्ही सरावासाठी वाइनचा प्रसिद्ध डेटासेट देतो. इटलीतल्या एकाच भागातल्या १७८ वाइन, द्राक्षांच्या तीन जाती आणि प्रत्येक वाइनची १३ रासायनिक मोजमापं. त्यावरून जात ओळखायची. तिने केएनएन लावलं, म्हणजे जवळचे पाच शेजारी बघायचे आणि बहुमताने ठरवायचं. अचूकता आली साधारण ७० टक्के. माझ्या रँडम फॉरेस्टने तोच डेटा ९५ च्या वर नेला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "केएनएन इथे कामाचं नाही, सोडून दे."

ती शांतपणे म्हणाली, "मी स्केलिंग करू का विचारलं होतं. तू म्हणालास, काही गरज नाही."

म्हणालो होतो खरा! माझ्या मॉडेलला गरज नव्हती म्हणून.

आता जरा आकडे बघू. `proline` हा कॉलम २७८ ते १६८० असा पसरलाय, तर `hue` फक्त ०.४८ ते १.७१. समजा दोन वाइनमध्ये `proline` चा फरक १०० आहे आणि `hue` चा १. अंतर काढताना फरकांचा वर्ग करतात, म्हणजे एकीकडे १०,००० आणि दुसरीकडे १. खरं तर `hue` मधला १ चा फरक म्हणजे जवळजवळ अख्खी रेंज, आणि `proline` मधला १०० किरकोळ. पण अंतराला हे कुठून कळणार? बिचारी `hue` असून नसल्यासारखी.

स्टँडर्डायझेशनमध्ये सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतात. `proline` चं विचलन सुमारे ३१४, `hue` चं सुमारे ०.२३. आता तेच फरक होतात ०.३२ आणि ४.४. चित्रच उलटं झालं! त्याच केएनएनची अचूकता ९५ च्या आसपास गेली. बदल एवढाच:

```python
make_pipeline(StandardScaler(), KNeighborsClassifier())
```

पाइपलाइन अशासाठी, की सरासरी आणि विचलन फक्त ट्रेनिंगच्या डेटावरून निघावं. आधी सगळा डेटा स्केल करून मग तुकडे पाडले, तर टेस्टची माहिती चोरून आत येते.

मग मिन-मॅक्स का नको? या डेटावर तेही चालतं. पण समजा कोणी १६८० च्या जागी चुकून १६८०० टाइप केलं. मिन-मॅक्स सगळं ० ते १ मध्ये बसवतं, त्यामुळे बाकीच्या सगळ्या वाइन ० ते ०.०८५ मध्ये कोंबल्या जातात. एका शून्यापायी अख्खा कॉलम बारा पट आक्रसला. स्टँडर्डायझेशनही यातून सुटत नाही. विचलन ३१४ वरून १२४० च्या आसपास जातं, म्हणजे चारेक पट आक्रसतं. कमी दुखतं, एवढंच. म्हणून आधी कमाल-किमान डोळ्यांनी बघून घ्यावं. ज्याच्या सीमा मुळातच ठरलेल्या आहेत, उदाहरणार्थ ० ते २५५ चे पिक्सेल, तिथे मिन-मॅक्स बिनधास्त वापरा.

आणि माझ्या झाडांचं काय? झाड फक्त विचारतं, "`proline` अमुक आकड्यापेक्षा कमी आहे का?" कॉलम स्केल केला तर तो आकडाही तसाच सरकतो, वाइनचा क्रम तोच राहतो, फांद्या त्याच फुटतात. रँडम फॉरेस्ट आणि ग्रेडियंट बूस्टिंगही झाडांचीच, त्यामुळे तिथे स्केलिंग म्हणजे नुसता उपचार.

साध्या लिनिअर रिग्रेशनमध्येही अंदाज बदलत नाही. ग्रॅमचे किलो केले, तर गुणक हजार पट वाढून हिशोब जुळवतो. पण रिज किंवा लासो लावलं की मोठ्या गुणकाला दंड बसतो, आणि मग नुसतं एकक बदलल्याने उत्तर बदलतं. सायकिट-लर्नचं लॉजिस्टिक रिग्रेशन हा दंड न सांगताच लावतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. के-मीन्स, एसव्हीएम, पीसीए हे तर अंतर आणि पसाऱ्यावरच जगतात.

मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: दोन वेगळ्या कॉलमचे आकडे हे मॉडेल कुठे एकत्र बेरीज करून तोलतं का, मग ते अंतरात असो वा दंडात? तोलत असेल तर स्केलिंग हवंच.

असो. सोमवारी मीटिंगमध्ये तिचा नवा आकडा तीच दाखवणार आहे. मी मागच्या खुर्चीवर बसणार, आणि या वेळी गप्प.