मामूंची पिशवी आणि मिठाचा हिशेब

गेल्या वर्षी माझ्या मामूंचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वय अठ्ठावन्न, राहणं खालापूर तालुक्यात, भातशेती आणि जोडीला छोटंसं दुकान. मुंबईहून घरी आले तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला पिशवी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण "शौचाची पिशवी लावलीय" एवढंच म्हणायचा. पण या पिशव्या दोन प्रकारच्या असतात. आपली कोणती, हे न कळल्यामुळे नवा रुग्ण कसा अडचणीत येतो, ते मी आमच्याच घरात पाहिलं. म्हणून हे लिहितोय.

मोठं आतडं पोटावर उघडलं तर ती कोलोस्टॉमी. ती बहुतेक डाव्या बाजूला असते आणि मळ बराचसा नेहमीसारखाच येतो, कारण त्यातलं पाणी मोठ्या आतड्याने शोषून घेतलेलं असतं. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर डॉक्टर गुदद्वारही काढतात आणि ही कोलोस्टॉमी कायमची राहते. मामूंची गाठ थोडी वर होती. ती काढून आतडं पुन्हा जोडलं. हा जोड भरून येईपर्यंत त्यावरून मळ जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वळसा बाहेर काढून तिथे तात्पुरतं तोंड केलं. ही इलिओस्टॉमी. इथे मळ मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे तो पेजेसारखा पातळ असतो, दिवसरात्र येत राहतो आणि शरीरातलं पाणी व मीठ घेऊन बाहेर पडतो.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मामूंची पिशवी दिवसातून दहा-बारा वेळा रिकामी करावी लागू लागली. तोंड कोरडं, लघवी थोडी आणि गडद, रात्री पोटऱ्यांत गोळे, उठून उभं राहिलं की चक्कर. मुमानी म्हणाल्या, पाणी कमी पडतंय. मामू तांब्याने पाणी पिऊ लागले, तीन लिटरच्या वर. शेजाऱ्यांनी शहाळी आणून दिली. पिशवी आणखी भरू लागली.

रुग्णालयातल्या स्टोमा नर्सला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "मोजलंत का?" मापाच्या मगात चोवीस तासांचं मोजलं तर १९०० मिली भरलं. स्थिरावलेल्या इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिली येतं. दीड लिटरच्या वर जाऊ लागलं की डॉक्टरांना कळवायचं. कर्जतला रक्त तपासलं तेव्हा सोडियम उतरलेलं आणि क्रिएटिनिन चढलेलं होतं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला होता. दोन दिवस सलाइन लागलं. रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी थांबवली.

साधं पाणी पिऊन तहान का भागत नव्हती, ते नर्सने समजावलं. लहान आतड्यात नुसतं पाणी गेलं की आतडं त्यात शरीरातलं मीठ सोडतं आणि ते मीठ पाण्याबरोबर पिशवीत जातं. जितकं जास्त साधं पाणी, तितकं जास्त मीठ बाहेर. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी, त्यामुळे त्याने ही तूट भरत नाही. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात असतात. साखरेच्या सोबतीने मीठ आत शोषलं जातं आणि त्यामागे पाणी जातं. मामूंना रोज एक लिटर ओआरएस घोट घोट प्यायला सांगितलं. चहा, ताक, पाणी मिळून बाकीचं सगळं एका लिटरच्या आत. जेवणात भात, केळं, बटाटा, आणि जेवणाआधी अर्धा तास डॉक्टरांनी दिलेली लोपेरामाइडची गोळी. पाचव्या दिवशी माप ९०० मिलीवर आलं आणि लघवीचा रंग फिका झाला. मधुमेह, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

दुसरी गोष्ट कातडीची. लहान आतड्यातल्या रसांत पाचक द्रव्यं असतात, ती कातडीलाही सोडत नाहीत. १९५२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक या शल्यविशारदाने आतड्याचं टोक उलटवून छोट्या तोटीसारखं बाहेर काढण्याची रीत दिली, तेव्हापासून रस थेट पिशवीत पडू लागला. तरी पिशवीच्या चिकट चकतीचं, म्हणजे फ्लँजचं, भोक मोठं कापलं गेलं तर मधली कातडी उघडी राहते आणि सोलते. सोललेल्या कातडीवर चकती चिकटत नाही, गळती होते, आणि गळतीने कातडी आणखी सोलते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमाची सूज उतरत असते, म्हणून दर आठवड्याला माप नव्याने घ्यायचं. मामूंचं भोक पहिल्याच मापाने कापलं जात होतं. माप बदललं आणि रोज सुटणारी चकती चार दिवस टिकू लागली. चकती बदलायला सकाळी, काही खाण्यापूर्वीची वेळ चांगली, तेव्हा मळ कमी येतो. कोमट पाण्याने धुऊन कातडी पूर्ण कोरडी करायची. तेल, पावडर, डेटॉल काही नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या चकत्यांचा गोंद बिघडतो, म्हणून त्या घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवायच्या.

स्टोमा ओला आणि लालसर असतो. पुसताना थोडं रक्त दिसलं तर घाबरू नये. तो काळा-जांभळा पडला, किंवा पिशवीत काहीच येईनासं होऊन पोट फुगलं, कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र लगेच रुग्णालय गाठायचं. सुरुवातीचे आठवडे ओल्या खोबऱ्याचे तुकडे, मका, शेंगदाणे टाळायचे, ते आतड्यात अडकू शकतात. कोकणातल्या माणसाला खोबरं सोडायला सांगणं किती कठीण, ते मुमानींना विचारा.

मामूंचा खरा सवाल वेगळाच होता. तो त्यांनी डॉक्टरांना विचारला नाही, मला विचारला. "पिशवी लावून नमाज होते का?" दोन महिने ते मशिदीत गेले नव्हते. मी त्यांना मौलानांकडे घेऊन गेलो. मौलाना म्हणाले, ज्याला मळ रोखताच येत नाही तो शरिअतमध्ये माजूर. त्याने वेळ झाल्यावर वुजू करावा आणि नमाज पढावी, नमाजेत पिशवीत काही आलं तरी नमाज होते. हनफी मसलकात तो वुजू त्या नमाजेची वेळ संपेपर्यंत चालतो. आम्ही कोकणी बहुतेक शाफई, आमच्याकडे प्रत्येक फर्ज नमाजेसाठी नवा वुजू. पिशवी आधी रिकामी करावी, एवढंच. चकती घट्ट बसलेली असेल तर वास बाहेर येत नाही, त्यामुळे जमातीत उभं राहायलाही हरकत नाही. सजद्याबद्दल सर्जनना विचारलं. जखम भरल्यावर त्यांनी परवानगी दिली.

रमजानबद्दल डॉक्टर आणि मौलाना दोघांचं उत्तर एकच निघालं. इलिओस्टॉमी असताना चौदा तास पाण्याशिवाय राहणं धोक्याचं आहे, आणि आजाऱ्याला सवलत कुराणानेच दिलेली आहे. पिशवी तात्पुरती, म्हणून राहिलेले रोजे नंतर कजा करायचे.

तपासणीला जाताना मामू कर्जत स्टेशनवरच पिशवी रिकामी करतात. पुढे लोकलमध्ये संडास नाही. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची हा नियम, कारण जड पिशवी चकती ओढून सोडवते. पिशवीत आधीच कापलेली एक चकती, कोरडं फडकं आणि ओआरएसचं पाकीट असतं. केमोथेरपी संपून जोड तपासला की आतडं परत आत घेतील. त्यानंतरही काही महिने वारंवार शौचाला जावं लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

परवा शेजारच्या गावातल्या एकाला अशीच पिशवी लागली. मामू त्याला भेटायला गेले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "मोजतोस का?"